मेलची पहिली ओळ: ‘पत्रास कारण की’च्या पुढे काय लिहायचं

समुद्रपूर तालुक्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी आहे असं समजा. वायगाव हळदीचा पट्टा. कंपनीचं कार्यालयीन काम नुकतंच एका मुलीकडे आलं आहे. हिशेब, साठा, वजनकाटा हे सगळं तिला जमतं, पण पुण्याच्या मसाला कारखान्याला मेल लिहायची वेळ आली की ती अडते. मग जुन्या फाईलमधला एखादा मेल उघडून त्यातला मजकूर बदलला जातो, आणि तयार होतं ते असं:

विषय: हळदीबाबत

आदरणीय महोदय, सप्रेम नमस्कार. हा ईमेल आपणांस मिळेल तेव्हा आपण सर्व कुशल मंगल असाल अशी आशा करतो. उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, आमची कंपनी वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात कार्यरत असून आमच्याकडे उत्तम प्रतीची हळद उपलब्ध आहे. तरी आपण योग्य तो विचार करावा ही विनंती.

यात व्याकरणाची चूक नाही, उद्धटपणाही नाही. तरी हा मेल बहुधा उघडला जाणार नाही. या लेखात आपण याच मेलची पहिली ओळ दुरुस्त करू. दुरुस्त करताना जे हाती लागेल तेच बिलाच्या आठवणीला आणि सरकारी कार्यालयाच्या मेललाही लागू पडतं, म्हणून पुढे तेही पाहू.

समोरच्याला काय दिसतं

आपण मेल लिहितो तेव्हा पूर्ण पान आपल्यासमोर असतं. वाचणाऱ्यासमोर ते नसतं. फोनवरच्या जीमेलमध्ये त्याला आधी तीन गोष्टी दिसतात: पाठवणाऱ्याचं नाव, त्याखाली विषय आणि त्याखाली मजकुराचा सुरुवातीचा तुकडा. हा तुकडा एका ओळीचा असतो. मोठ्या फोनवर थोडा जास्त मावतो, लहान फोनवर कमी. मराठीत मोजायचं तर सहा-आठ शब्द धरून चाला. संगणकावर विषय आणि हा तुकडा एकाच ओळीत शेजारी येतात, म्हणजे विषय लांबला की तुकड्याची जागा आणखी घटते.

वरचा मेल खरेदी अधिकाऱ्याला फोनवर असा दिसेल: ‘हळदीबाबत’, आणि खाली ‘आदरणीय महोदय, सप्रेम नमस्कार. हा ईमेल आपणांस…’. या दोन ओळींतून विकणारा आहे की घेणारा, तक्रार आहे की जाहिरात, काहीच कळत नाही. हळद किती आहे, कधी मिळेल आणि काय हवं आहे हे तीनही मुद्दे तुकड्याच्या बाहेर राहिले. त्यातले दोन तर पूर्ण मेलमध्येही नाहीत, पण ते पुढे बघू.

तेव्हा पहिली ओळ शिळी असण्याचा तोटा रटाळपणापुरता नाही. मोजून मिळालेली जागा ती खाते, आणि त्या जागेत जे जायला हवं होतं ते खाली ढकलते.

हे वाक्य आलं कुठून

‘आपण कुशल असाल अशी आशा आहे’ हे इंग्रजी मेलमधल्या ‘होप धिस फाइंड्स यू वेल’चं भाषांतर. काही जण तर ‘हा मेल आपणांस सुखरूप सापडेल’ असंही लिहितात. वाचताना मेल आठवडी बाजारात हरवला होता की काय असं वाटतं.

मुळात ही रीत ईमेलच्या कितीतरी आधीची आहे. रोमन लोक पत्राच्या सुरुवातीला ‘तू बरा असशील तर उत्तम, मी बरा आहे’ अशा अर्थाचं लॅटिन वाक्य लिहीत. ते इतकं ठरलेलं होतं की पुढे त्यातल्या शब्दांची नुसती आद्याक्षरं लिहिली तरी चालत. आपल्याकडच्या जुन्या पत्रांतही येथील कुशल कळवून स्वकीय कुशल लिहीत जाण्याची विनंती असायची. पत्र पोचायला जेव्हा कित्येक दिवस किंवा महिने लागत, तेव्हा या ओळीला खरा अर्थ होता. मधल्या काळात साथ येऊन जायची, घरात काही बरंवाईट व्हायचं, आणि पत्र हातात पडेल तेव्हा माणूस कसा असेल हे लिहिणाऱ्याला खरंच माहीत नसायचं. मेल काही सेकंदांत पोचतो. त्यामुळे ओळ राहिली आणि तिच्यामागची काळजी गेली.

फोनवर बोलताना आपण ‘जेवण झालं का भाऊ?’ विचारतो. ते मात्र शिळं वाटत नाही, कारण समोरचा लगेच ‘झालं, तुमचं?’ म्हणतो आणि बोलणं पुढे सरकतं. मेलमधल्या कुशलाला कुणी उत्तर देत नाही. विचारणाऱ्यालाही उत्तर नको असतं, आणि हे दोघांनाही ठाऊक असतं.

पण मराठी पत्रात एक सोय होती, ती इंग्रजीकडे बघताना आपण विसरलो. ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’. यातल्या शेवटच्या ‘विशेष’चं काम असं, की नमस्कार संपला, आता मुद्दा. घरगुती पत्रात तेच काम ‘पत्रास कारण की’ करायचं. हे तीन शब्द ज्याने कुणी रूढ केले त्याला पहिल्या ओळीचं मर्म कळलेलं होतं.

पहिली पायरी: ‘कारण की’च्या पुढचं वाक्य कागदावर

मेल उघडण्याआधी एका कागदावर ‘पत्रास कारण की’ लिहा आणि वाक्य पूर्ण करा. गावातल्या माणसाला सांगताना सांगाल तसं लिहा, कार्यालयीन भाषा अजिबात नको. हळदीच्या मेलसाठी ते असं होईल:

पत्रास कारण की, आमच्याकडे चाळीस क्विंटल हळकुंडं पॉलिश होऊन तयार आहेत, पंचवीस मार्चपासून गाडी भरता येईल, त्याआधी तुम्हाला नमुना पाठवायचा आहे, तर पत्ता सांगा.

आता ‘पत्रास कारण की’ खोडा. उरलेलं वाक्य ही तुमच्या पहिल्या ओळीची कच्ची हळद. ती अजून उकडायची आणि पॉलिश करायची आहे, पण माल खरा आहे.

हे वाक्य पूर्ण होत नसेल तर अडचण ओळीत नाही, मेलमध्ये आहे. वरच्या मूळ मेलचं शेवटचं वाक्य पुन्हा पाहा: ‘योग्य तो विचार करावा’. कशाचा विचार, कधीपर्यंत, आणि विचार करून झाल्यावर काय करायचं? लिहिणारीलाच ते ठरवता आलं नव्हतं, म्हणून तिने कुशल विचारलं. शिळी सुरुवात पुष्कळदा अशी येते: काय मागायचं ते पक्कं नसतं आणि पान कोरं सोडवत नाही.

दुसरी पायरी: तीनातले दोन निवडा

कच्च्या वाक्यात साधारण तीन गोष्टी सापडतात: वस्तू कोणती, आकडा किंवा तारीख काय, आणि वाचणाऱ्याने करायचं काय. तिन्ही एका ओळीत कोंबल्या की वाक्य दमतं. विषयाची ओळ शेजारीच दिसते, म्हणून दोन गोष्टी तिच्याकडे द्या आणि उरलेली पहिल्या ओळीत ठेवा.

हळदीच्या मेलमध्ये वस्तू आणि आकडा विषयात जाऊ शकतात:

विषय: वायगाव हळकुंड, ४० क्विंटल, वर्धा जिल्हा

मग पहिल्या ओळीत ते पुन्हा लिहिण्याची गरज नाही. इथे नवशिके हमखास चुकतात. विषयात ‘वायगाव हळकुंड, ४० क्विंटल’ लिहून मजकुरात पुन्हा ‘आमच्याकडे वायगाव हळकुंड ४० क्विंटल उपलब्ध आहे’ लिहितात. वाचणाऱ्याला तेच दोनदा दिसतं आणि मागणी पुन्हा तुकड्याबाहेर जाते. म्हणून:

हळकुंडांचा अर्धा किलो नमुना या आठवड्यात पाठवू शकतो. कोणत्या पत्त्यावर पाठवायचा ते कळवावे.

यात ‘हळकुंडांचा’ हा एक शब्द मुद्दाम ठेवला आहे. मेलचा मजकूर कधीकधी विषयाशिवाय पुढे जातो: कुणी तेवढाच भाग कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकतं, कुणी वाचून दाखवतं. एका शब्दाने वस्तू ओळखू येते, मग ओळ एकटी पडली तरी चालते.

माल २५ मार्चपासून भरता येईल हे त्यानंतरच्या वाक्यात जाईल. कंपनीची ओळख त्याच्याही पुढे. ओळख आधी द्यावी असं आपल्याला वाटतं, कारण बैठकीत आपण आधी नाव सांगतो. मेलमध्ये पाठवणाऱ्याचं नाव आधीच सगळ्यात वर दिसत असतं. फक्त ते नीट दिसतं आहे ना, एवढं पाहा. खात्याचं नाव जुन्या संचालकाचं किंवा नुसतंच आकडे-अक्षरांचं राहिलेलं असतं. जीमेलच्या सेटिंगमध्ये खात्यांच्या भागात ते बदलता येतं. तिथे कंपनीचं नाव आणि गाव टाका.

तिसरी पायरी: नमस्कार दोन शब्दांत

नमस्कार वगळायचा नाही. तो वगळला तर मराठीत मेल अंगावर आल्यासारखा वाटतो, आणि दिवाणखान्यात चप्पल घालून शिरल्यासारखं होतं. पण नमस्कारही त्याच सहा-आठ शब्दांतून जागा घेतो हे लक्षात ठेवा. ‘आदरणीय महोदय, सप्रेम नमस्कार’ यात चार शब्द गेले. ‘नमस्कार मॅडम,’ किंवा ‘नमस्कार साहेब,’ यात दोन जातात आणि आदर तेवढाच राहतो.

नाव माहीत असेल तर आडनावाला साहेब किंवा मॅडम जोडावं. विदर्भात ओळख झालेल्या व्यापाऱ्याला भाऊ म्हणायची सवय असते, आणि अकोल्याच्या किंवा हिंगणघाटच्या अडत्याला ‘नमस्कार भाऊ’ लिहिलं तर त्याला ते आवडेलच. पुण्या-मुंबईच्या कारखान्यात मात्र तोच मेल लेखा विभागात, गुणवत्ता विभागात फिरतो, आणि तिथल्या अनोळखी माणसाला भाऊ सलगीचं वाटू शकतं. पहिला मेल साहेब-मॅडमने करा. समोरून उत्तर ज्या सुरात येईल तो सूर पुढे धरा. बाई की पुरुष हे कळत नसेल तर नुसतं ‘नमस्कार,’ पुरेसं आहे. ‘महोदय/महोदया’ ही तिरकी रेघ सरकारी पत्रात खपते, बाकी ठिकाणी छापील अर्जासारखी दिसते.

आता पूर्ण मेल असा झाला:

विषय: वायगाव हळकुंड, ४० क्विंटल, वर्धा जिल्हा

नमस्कार मॅडम,
हळकुंडांचा अर्धा किलो नमुना या आठवड्यात पाठवू शकतो. कोणत्या पत्त्यावर पाठवायचा ते कळवावे. माल पॉलिश केलेला असून २५ मार्चपासून गाडी भरता येईल. आमची शेतकरी उत्पादक कंपनी समुद्रपूर तालुक्यात आहे. सभासद शेतकरी वायगाव वाणाची हळद घेतात. प्रयोगशाळेचा अहवाल सोबत आहे. ओलावा आणि कुर्क्युमिनचे आकडे पहिल्या पानावर आहेत.

फोनवर दिसेल: ‘वायगाव हळकुंड, ४० क्विंटल…’ आणि खाली ‘नमस्कार मॅडम, हळकुंडांचा अर्धा किलो नमुना या…’. मेल न उघडताही कळतं की विक्रेता आहे, माल इतका आहे आणि नमुना देतो म्हणतो. ज्याला हळद नको तो उघडणार नाही, आणि त्याने उघडला नाही तरी आपलं काही बिघडत नाही.

‘उत्तम प्रतीची’ हा शब्द गेला हेही पाहा. कुणीही आपल्या मालाला मध्यम प्रतीचा म्हणत नाही, त्यामुळे त्या शब्दातून खरेदीदाराला काही मिळत नाही. ओलावा किती, हे मात्र त्याला विचारायचंच असतं.

पत्ता पाकिटावरून घेतला असेल तर

अनोळखी कारखान्याचा पत्ता शोधताना पुष्कळदा मसाल्याच्या पाकिटावर छापलेला मेल पत्ता हाती लागतो. तो पत्ता ग्राहकांच्या तक्रारीसाठी असतो. आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार तो छापावाच लागतो. तिथला माणूस हळद विकत घेत नाही. पाकीट फुटलं, तिखटात खडा निघाला, असे मेल तो दिवसभर वाचतो. तुमची ओळ नमुन्याने सुरू झाली तर ती त्याच्या कामाची नाही, तो पुढे जाईल.

इथे पहिली ओळ त्या माणसासाठी लिहायची असते, खरेदीदारासाठी नव्हे:

नमस्कार, हा मेल कच्चा माल खरेदी करणाऱ्या विभागाकडे पाठवावा ही विनंती: वर्धा जिल्ह्यातून ४० क्विंटल हळकुंड.

त्याला करायचं काम एकच आहे, आणि ते पहिल्याच वाक्यात आलं. हे सोडून पहिल्या ओळीत कारखान्याची स्तुती करणारे लोक असतात: ‘आपल्या नामांकित संस्थेची गुणवत्ता सर्वश्रुत आहे’. कुशल-मंगलची ही नटलेली धाकटी बहीण. तीही जागाच खाते.

बिलाची आठवण

सगळ्यात जास्त शिळ्या ओळी याच मेलमध्ये सापडतात, आणि त्याला कारण आहे. पैसे मागायला संकोच वाटतो. संकोच झाकायला आधी कुशल येतं, मग ‘जेंटल रिमाइंडर’ येतो. हा शब्दही आता इतका वापरून झाला आहे की ‘सौम्य’ म्हटल्यावर वाचणारा चिडका सूरच ऐकतो. ‘आपल्या व्यस्त वेळापत्रकातून वेळ काढून’ हीदेखील त्याच पंगतीतली.

पैशांच्या मेलमध्ये सभ्यपणा विशेषणांतून दिसत नाही, नेमकेपणातून दिसतो. बिलाचा क्रमांक, रक्कम, मुदतीची तारीख आणि एक प्रश्न:

नमस्कार साहेब,
बिल क्र. ४७ (८४,००० रुपये) ची मुदत १५ एप्रिलला संपली. रक्कम कोणत्या तारखेला जमा होईल ते कळवावे.

‘लवकरात लवकर जमा करावी’ असं न लिहिता तारीख विचारली आहे. ‘लवकरात लवकर’ला वाचणाऱ्याकडे उत्तर नसतं. तारखेला असतं, आणि त्याने ती लिहून दिली की पुढच्या मेलची पहिली ओळ तुम्हाला आयतीच मिळते: ‘आपण कळवल्याप्रमाणे २८ एप्रिलला जमा होणारी रक्कम आज, ३० तारखेपर्यंत खात्यात दिसत नाही.’

बिलावर कुणाची सही अडली आहे, मालाचं वजन कमी भरलं आहे, असं काही तरी खरं कारणही असू शकतं. म्हणून पहिल्या आठवणीत शेवटचं वाक्य हे ठेवा: ‘बिलात किंवा वजनात काही फरक आढळला असल्यास तेही कळवावे, म्हणजे दुरुस्त बिल पाठवता येईल.’ ते पहिलं ठेवू नका. पहिलं ठेवलं तर तुमचंच बिल चुकलं आहे असं वाटतं.

आठवण नवीन मेल करून पाठवायची नाही. ज्या मेलने बिल पाठवलं होतं त्यालाच उत्तर द्या, म्हणजे बिल खाली जोडलेलं राहतं. जीमेलमध्ये विषय बदलला की संवादाची साखळी तुटते आणि नवीन मेल सुरू होतो, म्हणून विषयाला हात लावू नका. आता यात एक गोष्ट घडते. विषय जुनाच राहतो, ‘बिल क्र. ४७’, पहिल्या मेललाही तोच आणि चौथ्यालाही तोच. यादीत त्याखाली दिसणारा तुकडा मात्र सर्वांत ताज्या मेलचा असतो. म्हणजे साखळीत वाचणाऱ्याला नवीन दिसणारी एकमेव गोष्ट तुमची पहिली ओळ असते. चारही मेलची सुरुवात ‘नमस्कार साहेब, आपण कुशल असाल’ अशी केली तर चौथा मेल आला हेही त्याच्या ध्यानात येणार नाही.

म्हणून प्रत्येक आठवणीत मागच्यापेक्षा काय बदललं ते आधी लिहा. पहिलीत मुदत संपल्याची तारीख. दुसरीत त्याने दिलेली तारीख उलटली हे. तिसरीत उलटलेले दिवस, आणि पुढची गाडी कोणत्या अटीवर निघेल ते. सूर कडक करायची गरज पडत नाही, आकडेच तो करतात.

सरकारी कार्यालय

तालुका कृषी अधिकाऱ्याला मेल करताना वरचे नियम थोडे वाकवावे लागतात. तिथे मेल पुष्कळदा छापला जातो, त्यावर आवक क्रमांक पडतो आणि तो कागद टेबलावरून टेबलावर जातो. म्हणून ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ ही जुनी मांडणी तिथे कामाची आहे; ती टाकून देऊ नका. टाकायचं ते फक्त ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस सविनय सादर करण्यात येते की’. या लांब शेपटीमागे जे वाक्य असतं तेच पहिलं लिहा:

महाडीबीटी अर्ज क्र. (इथे क्रमांक) मधील ठिबक संचाची मोका तपासणी अद्याप झालेली नाही. तपासणीची तारीख कळवावी ही विनंती.

अर्जाचा क्रमांक पहिल्याच वाक्यात हवा, कारण लिपिक आधी तो शोधतो. आधी पत्र दिलं असेल तर त्याची तारीख आणि आपला जावक क्रमांक संदर्भात लिहा.

सहीचं पत्र वेगळं जोडायचं असेल तर दोन चुका टाळा. पहिली, मेल कोरा ठेवून नुसता पत्राचा फोटो जोडणे. तुकड्यात तेव्हा काहीच दिसत नाही. दुसरी, ‘सोबत जोडलेले पत्र पाहावे’ एवढंच लिहिणे. पत्रातलं मुख्य वाक्य मेलमध्ये पुन्हा लिहा. उलट बाजूनेही तेच: छापताना फक्त जोडपत्र छापलं गेलं तर मेलचा विषय त्यावर येणार नाही, म्हणून जोडपत्रात विषय स्वतंत्र लिहिलेला असू द्या.

पाठवण्याआधी बिघडणाऱ्या गोष्टी

तहसीलजवळच्या डीटीपीच्या दुकानातून मजकूर टाइप करून आणला असेल तर तो कृतिदेव किंवा शिवाजी अशा जुन्या फाँटमध्ये असू शकतो. दुकानाच्या संगणकावर तो झकास मराठी दिसतो, मेलमध्ये चिकटवला की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा होतो. ओळख सोपी आहे: चिकटवलेला मजकूर निवडून फाँट बदलून पाहा. अक्षरं मराठीच राहिली तर युनिकोड आहे, इंग्रजी अक्षरं उमटली तर नाही. निदान पहिली ओळ तरी फोनच्या मराठी कीबोर्डवर स्वतः टाइप करा. तो युनिकोडच देतो.

मेल पुढे पाठवताना वर काही लिहिलं नाही तर तुकड्यात पुढे पाठवलेल्या मेलचा मथळा, तारखा आणि पत्ते येतात. तिथेही वर एक ओळ हवीच: यात काय आहे आणि कुठे पाहायचं.

शेवटची तपासणी अशी. मेल आधी सहकाऱ्याच्या पत्त्यावर पाठवा आणि त्याच्या फोनवर न उघडता पाहा. स्वतःलाच पाठवू नका. आपल्याला आतला मजकूर पाठ असतो, त्यामुळे तुटलेली ओळही पूर्ण वाटते. त्याला विचारा की मेल कशाबद्दल आहे आणि समोरच्याने काय करायचं आहे. मेल उघडल्याशिवाय त्यातलं एक तरी त्याला सांगता आलं तर ओळ जमली. जीमेलमध्ये पाठवलेला मेल परत घेण्याची मुदत ५ पासून ३० सेकंदांपर्यंत ठरवता येते. ती ३० करून ठेवा. मॅडमच्या जागी साहेब पडलं आहे हे नेमकं पाठवल्यावर दिसतं.

इंग्रजीत लिहावं लागलं तर

क्रम तोच. ‘रिस्पेक्टेड सर’, ‘ग्रीटिंग्ज ऑफ द डे’, ‘आय बेग टू स्टेट’ या तिन्हींना रजा द्या. आपल्याकडचे लोक सोडले तर आज असं फारसं कुणी लिहीत नाही. ‘डिअर’च्या पुढे आडनाव, आणि लगेच ‘वी कॅन सेंड अ हाफ-किलो सॅम्पल धिस वीक’. वाक्य लहान असलं की इंग्रजीच्या चुकाही कमी होतात.

कुशल खरंच विचारायचं असेल तर

खरेदी अधिकारी दवाखान्यात होते, किंवा त्यांच्या भागात पूर आला हे तुम्हाला कळलं आहे. अशा वेळी विचारायलाच हवं, पण माहीत असलेल्या गोष्टीचं नाव घेऊन: ‘गेल्या आठवड्यातल्या पुरात गोदामात पाणी शिरल्याचं समजलं, माणसं सुखरूप आहेत ना?’ आता ही ओळ दुसऱ्या कुणालाही पाठवता येणार नाही, म्हणून ती शिळीही नाही. त्या मेलमध्ये एवढंच लिहा आणि थांबा. बिल क्र. ४७ ची आठवण चार दिवसांनी, त्याच्या स्वतःच्या साखळीत.